एक 'न' हरवला तर

चाकणमधल्या एका कारखान्यात सकाळी साडेदहा वाजता एक व्हीएमसी मशीन उभी आहे. तिच्या टेबलावर अर्धवट कापलेला ॲल्युमिनियमचा भाग तसाच बांधलेला आहे. जपानमध्ये तेव्हा दुपारचे दोन वाजलेत, कारण तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. मशीन बनवणाऱ्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर तिथल्या संगणकासमोर बसला आहे. इकडे मेंटेनन्सच्या माणसाने मोबाईल हातात धरून कॅमेरा पॅनलकडे वळवलाय. कॉलवर तिसरी व्यक्तीही आहे. पुण्यात आपल्या घरी कानात हेडफोन घालून बसलेली ही दुभाषी मशीनपासून तीसेक किलोमीटर लांब आहे, आणि पुढच्या दोन तासांत त्या मशीनवर जे काही होणार ते तिच्या तोंडून जाणार आहे.

पुढचा प्रसंग एका ठरावीक कारखान्याचा नाही. अशा कॉल्समध्ये पुन्हा पुन्हा जे घडतं ते इथे एका सकाळीत बसवलं आहे. मशीनचा बिघाड मात्र अगदी नेहमीचा आहे आणि भाषेचा पेचही.

चांगल्या दुभाषीचं काम कॉलच्या आधीच सुरू होतं. ती तीन फोटो मागवते: मशीनच्या नावाच्या पाटीचा, अलार्म दिसणाऱ्या स्क्रीनचा आणि पॅनलच्या आतल्या बाजूचा. आज स्क्रीनच्या फोटोत फानुक कंट्रोलवरचे दोन संदेश आहेत. Z अक्षावर `DS0300 APC ALARM: NEED REF RETURN`, आणि सगळ्या अक्षांवर `DS0307 APC ALARM: BATTERY LOW 1`. फोटो हातात आला की कोणते शब्द लागणार हे तिला कळतं. जपानीत मशीनच्या शून्य बिंदूला 'गेन्तेन' म्हणतात, बॅटरीला 'देन्ची' आणि वीजपुरवठ्याला 'देन्गेन'. तिघांचाही उच्चार खराब लाईनवर ऐकणाऱ्याला चकवणारा. म्हणून ती आधीच कागदावर तीन ओळी लिहून समोर ठेवते.

हे संदेश काय सांगतात ते थोडक्यात पाहू. व्हीएमसीचं टेबल दोन दिशांनी सरकतं, स्पिंडलचं डोकं वरखाली होतं. प्रत्येक दिशेच्या मोटरच्या शेपटाला एन्कोडर असतो आणि आपण कुठे आहोत हे तो मोजत राहतो. मशीनची वीज गेली तरी ही मोजणी विसरली जाऊ नये म्हणून त्याला एका छोट्या बॅटरीचा आधार असतो. या मशीनवर ती बॅटरी म्हणजे एका डबीत बसवलेले टॉर्चचे चार मोठे अल्कलाईन सेल, मिळून 6 व्होल्ट. साधारण वर्षभराने ते बदलायचे असतात. सेल उतरत आले की `BATTERY LOW` दिसतं. एखाद्या एन्कोडरचा आधार पूर्ण तुटला की त्या अक्षाला आपली जागा आठवत नाही, आणि मग `NEED REF RETURN`.

इंजिनिअरचा पहिला प्रश्न साधा वाटतो. मशीन थांबली की थांबवली? जपानीत हे दोन वेगळे शब्द आहेत. आपोआप थांबणं म्हणजे 'तोमारू' आणि कुणीतरी थांबवणं म्हणजे 'तोमेरू'. मराठीतही हा भेद आहे, पण शॉपफ्लोअरवर तो एका शब्दात बुडून जातो. "मशीन बंद आहे ताई," एवढंच उत्तर येतं. बंद पडली, बंद केली, बंद ठेवली, सगळं त्या 'बंद'मध्ये. व्हॉल्व्ह बंद म्हणजे तेल थांबलं आणि स्विच बंद म्हणजे वीज थांबली. पण विजेच्या पुस्तकात 'बंद सर्किट' म्हणजे वीज वाहतेय. दुभाषीने इथे 'बंद'चा पहिला सुचेल तो जपानी शब्द फेकला, तर इंजिनिअर चुकीच्या दिशेने निघतो. म्हणून ती उलट विचारते, "काम चालू असताना स्वतःहून पडली, की तुम्ही रात्री बंद केलीत आणि सकाळी चालू केल्यावर हे दिसलं?"

"रात्री बंद केली. सकाळी लावली तर हा अलार्म."

"रात्री Z च्या मोटरला हात लावला होता का?"

"कनेक्टर जरा हलवला होता."

हलवला म्हणजे काय? चिमटीत धरून डुलवून पाहिला, की काढून परत लावला? मराठीत दोन्हींना 'हलवला' म्हणता येतं. दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण बॅटरीची तार त्याच कनेक्टरमधून एन्कोडरकडे जाते. विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर येते. कनेक्टरमध्ये कूलंट शिरलं होतं. संध्याकाळी मेन बंद करून तो काढला, कापडाने पुसला, रात्रभर सुकू दिला आणि सकाळी लावला. काही एन्कोडरमध्ये अशा वेळी काही मिनिटं तग धरण्याची सोय असते, रात्रभर नाही. Z ने जागा का विसरली हे इंजिनिअरला या एका वाक्यात कळतं. ते वाक्य मिळालं नसतं, तर त्याचा संशय एन्कोडरवर गेला असता. एन्कोडरनंतर मोटरवर. मग परदेशातून नवी मोटर मागवण्याची चर्चा सुरू झाली असती.

याच वेळी मागून कुणीतरी हळूच म्हणतं, "कनेक्टर काढल्याचं त्यांना सांगू नका." असा प्रसंग या कामात नेहमी येतो. म्हणून जाणती दुभाषी कॉलच्या सुरुवातीलाच दोन्ही बाजूंना बजावते की कॉलवर जे बोललं जाईल ते सगळं भाषांतरित होईल, कुजबुजही. हे आधी सांगितलेलं असलं की नंतर कुणाला धक्का बसत नाही, आणि दुभाषीला कुणाची बाजू घ्यावी लागत नाही. ती स्वतः बोलते तेव्हाही तसं स्पष्ट सांगते: "हे मी दुभाषी म्हणून विचारतेय." एरवी तिचा 'मी' म्हणजे बोलणाऱ्या माणसाचा 'मी'. इंजिनिअर म्हणाला 'मला पाहायचंय', तर तीही 'मला पाहायचंय' म्हणते. 'ते म्हणतायत की त्यांना पाहायचंय' असं म्हणत बसलं तर वेळ जातो, आणि 'ते' म्हणजे कोण हा नवा गोंधळ उभा राहतो.

आता कॉलमधला सगळ्यात नाजूक क्षण येतो. Z ची जागा गेली आहे, पण X आणि Y ची अजून शाबूत आहे. सेल उतरले आहेत, तेव्हा ते आधी बदलायचे. पण सेल बाहेर असताना मशीनची वीजही गेली, तर एन्कोडरना कुठलाच आधार उरणार नाही आणि X, Y देखील जागा विसरतील. म्हणून हे सेल मशीनचा कंट्रोल चालू असतानाच बदलायचे असतात. इंजिनिअर म्हणतो, "देन्गेन ओ किरानाइदे, देन्ची ओ कोकान शिते कुदासाइ." वीज न तोडता बॅटरी बदला.

'किरानाइदे' म्हणजे न तोडता. 'कित्ते' म्हणजे तोडून. नकाराचा सगळा भार क्रियापदाच्या मधल्या तुकड्यावर, आणि लाईन क्षणभर अडखळली तर नेमका तोच गळतो. मराठीत धोका याहून मोठा. शब्दाला शब्द ठेवला तर होतं, "मेन बंद न करता सेल बदला." कॉम्प्रेसरच्या घरघरीत तो 'न' हरवला की उरतं 'बंद करता सेल बदला'. वाक्य मोडकं झालं, पण ऐकणाऱ्याला त्यातून अर्थ लागतो आणि तो नेमका उलटा असतो. शिवाय तो अर्थ त्याच्या अंगवळणी पडलेल्या सवयीशी जुळतो. पॅनल उघडायचं म्हणजे आधी मेन बंद करायचा, हेच त्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं आणि ते योग्यच आहे.

अनुभवी दुभाषी म्हणून वाक्य उलटवते. ती म्हणते, "मेन चालूच राहू द्या. चालू कंट्रोलवरच सेल बदलायचेत." यात एकही 'न' नाही. एखादं अक्षर ऐकू आलं नाही तर वाक्य अपुरं राहील, पण उलटं होणार नाही. या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट कदाचित हीच असावी. मूळ वाक्याचा आकार नाही, मूळ वाक्यातली कृती पोचवायची, आणि तीही अशा शब्दांत की लाईन तुटली तरी तिचा अर्थ फिरणार नाही.

एवढं सांगूनही व्हिडिओत त्याचा हात मेन स्विचकडे जाताना दिसतो. ती लगेच म्हणते, "थांबा! दुभाषी म्हणून बोलतेय, हात मेनवर गेलाय." मग इंजिनिअरला जपानीत काय घडलं ते सांगते. ती इंजिनिअरची जागा घेत नाही. जे दिसलं ते दोघांना सांगते आणि निर्णय त्यांच्यावर सोडते.

त्याचा प्रश्न रास्त असतो. "ताई, चालू मशीनमध्ये हात घालायचा? साहेबांना नीट विचारा." हा प्रश्न जसाच्या तसा, त्यातल्या काळजीसकट पलीकडे जायला हवा. इथे 'चालू'ही 'बंद'इतकाच फसवा शब्द ठरतो. मशीन चालू म्हणजे कापतेय, की फक्त स्क्रीन चालू आहे? इंजिनिअर खुलासा करतो. आधी लाल इमर्जन्सी बटण दाबा. मोटरचा पुरवठा जाईल, स्क्रीन चालू राहील, आणि आपल्याला हवी आहे ती हीच अवस्था. तरीही पॅनलमध्ये इतर ठिकाणी वीज असते, म्हणून बॅटरीच्या डबीखेरीज कशालाही हात लावायचा नाही आणि हे काम प्रशिक्षित माणसानेच करायचं. Z चं डोकं ब्रेकवर अडलेलं असतं. त्याखाली लाकडी ठोकळा ठेवा आणि त्याखाली वाकू नका. दुभाषी हे चार भागांत सांगते आणि प्रत्येक भागानंतर तो परत म्हणून दाखवतो.

(ड्राइव्ह बदलायचा असता तर सगळं याच्या नेमकं उलट. तिथे मेन पूर्ण बंद करून, आतल्या कपॅसिटरमधला साठलेला भार उतरेपर्यंत थांबावं लागतं, ड्राइव्हवरचा लाल दिवा विझेपर्यंत. 'आपल्या मशीनवर असंच करायचं असतं' अशी दुभाषीने स्वतःच्या अनुभवाची भर घालू नये, त्याचं कारण हेच.)

सेल बदलताना आणखी एक अडचण निघते. स्टोअरमधून आलेले चार सेल साधे, घरच्या टॉर्चचे. आकार तोच, पण अल्कलाईन नाहीत. दुभाषी कॅमेऱ्यासमोर सेलवरचं लेबल धरायला सांगते. इंजिनिअर नाही म्हणतो. अर्ध्या तासाने योग्य सेल येतात. तोवर कुणी मेनला हात लावू नये म्हणून ती चिठ्ठी लिहायला सांगते आणि चिठ्ठी स्विचवर चिकटवली जाते. मग डबी उघडते. दोन सेल एका दिशेने, दोन उलट्या, अधिक-उणे पाहून. इंजिनिअर म्हणतो, "शिमेते कुदासाइ." हा शब्दही दुहेरी. झाकणाबद्दल म्हटलं तर बंद करा, स्क्रूबद्दल म्हटलं तर आवळा. दुभाषी अंदाज बांधत नाही, विचारते. उत्तर येतं, दोन्ही. आधी तारेचे स्क्रू आवळा, मग झाकण.

मध्येच चित्र गोठतं, आवाज मात्र येत राहतो. अशा वेळेसाठी नियम आधीच ठरलेला आहे. चित्र थांबलं की हातही थांबले. व्हिडिओ परत येईपर्यंत सगळे गप्प.

सेल बसले, `BATTERY LOW` गेला. उरला Z. त्याला त्याची जागा पुन्हा शिकवावी लागणार आहे. त्यासाठी कंट्रोलमधल्या पॅरामीटर 1815 ला हात लावायचा. मराठी अंक इथे स्वतःची अडचण घेऊन येतात. 'अठराशे पंधरा' आणि 'अठराशे पंचावन्न' गोंगाटात सारखेच ऐकू येतात. जपानीत सातला 'शिची' म्हटलं तर ते 'इची', म्हणजे एकसारखं ऐकू येतं, म्हणून जपानी माणसं मोजमापात 'नाना' म्हणतात. दुभाषीही तेच करते: "एक, आठ, एक, पाच." तो स्क्रीनकडे बघून परत वाचतो.

1815 च्या ओळीत आठ खाने असतात, बाजूबाजूला शून्य किंवा एक. त्यातला हवा असलेला खाना चार क्रमांकाचा. पण मोजणी उजवीकडून होते आणि शून्यापासून सुरू होते. 'चौथा' म्हटलं की तंत्रज्ञ उजवीकडून एक, दोन, तीन, चार मोजून शेजारच्या खान्यावर जाऊ शकतो. दुभाषी 'चौथा' हा शब्दच टाळते. स्क्रीनवर त्या खान्यावर `APZ` लिहिलेलं असतं, तेच ती अक्षरं सुटी करून सांगते: ए, पी, झेड. आणि हात लावण्याआधी अख्ख्या पानाचा फोटो काढायला सांगायला इंजिनिअर विसरला, तर ती त्याला विचारते. तोही हो म्हणतो, मग फोटो निघतो.

पॅरामीटर लिहायची परवानगी सुरू केली की स्क्रीनवर नवा अलार्म येतो, `SW0100 PARAMETER ENABLE SWITCH ON`. "अजून एक अलार्म आला!" तो घाबरून म्हणतो. हा अपेक्षितच आहे, लिखाण उघडं असल्याची ती फक्त सूचना आहे, असं इंजिनिअर सांगतो. पण त्याचा घाबरलेला आवाज आधी पलीकडे पोचला म्हणूनच हे उत्तर वेळेवर आलं.

पुढचा क्रम मशीनप्रमाणे बदलतो. आज Z ला हँडव्हीलने हळूहळू वर नेऊन, कॉलमवर आणि डोक्यावर कोरलेल्या दोन रेघा एका ओळीत आणायच्या आहेत. "सूतभर खाली आहे," तो म्हणतो. कारागिरांच्या भाषेत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरपेक्षा किंचित कमी. पण 'सूतभर' म्हणजे नुसतं 'किंचित'ही होऊ शकतं. दुभाषी विचारते, "फुटपट्टीवरचं सूत, की थोडंसं?" थोडंसं. मग ती इंजिनिअरला आकडा न देता 'किंचित खाली' असंच सांगते आणि पट्टी धरून मोजायला लावायचं का ते विचारते. मोजल्यावर अर्धा मिलिमीटर निघतं. सव्वा, पाऊण, दीड, अडीच हे मराठीचे सुबक अपूर्णांक इथे सगळे दशांशात बदलून, एकेक अंक करून पलीकडे जातात.

रेघा जुळल्या. `APZ` शून्याचा एक केला. आणि आता, तासभर 'मेन चालूच ठेवा' म्हणणारा इंजिनिअर म्हणतो की वीज बंद करून पुन्हा चालू करा. 1815 बदलला की हे करावंच लागतं. सेल आता नवे आहेत, तेव्हा X आणि Y ची जागा जाणार नाही. दुभाषी या ठिकाणी मुद्दाम थांबते. "आता खरोखर बंद करायची आहे. मेन खाली." आणि तो परत म्हणतो, "मेन खाली."

या सगळ्यात 'हो' आणि 'हाय' हे दोन छोटे शब्द सर्वांत जास्त वेळा उच्चारले जातात. त्यांवर विसंबणं मात्र सर्वांत धोक्याचं. जपानी 'हाय'चा अर्थ बहुतेकदा 'ऐकतोय' इतकाच असतो, 'पटलं' नाही. आपला शॉपफ्लोअरवरचा 'हो हो साहेब'ही तसाच. म्हणून चांगल्या कॉलवर 'हो' हे उत्तर मानलं जात नाही. काय केलं, हे वाक्यात सांगितलं तरच पुढचं पाऊल. 'बहुतेक लागलं' असं उत्तर आलं तर 'बहुतेक'ही भाषांतरात गेलाच पाहिजे. तो गाळून 'लागलं' म्हणणं सभ्यपणाचं वाटतं, पण इंजिनिअरला नेमका तो 'बहुतेक'च हवा असतो.

अलार्म गेले म्हणजे काम झालं असं नाही. Z ची जागा डोळ्यांनी रेघा जुळवून ठरवली आहे, तेव्हा ती जुन्या जागेशी शंभर टक्के जुळणार नाही. दूरच्या चुकीत टूल बदलणारा हात चुकीच्या उंचीवर येऊन स्पिंडलवर आदळू शकतो. म्हणून इंजिनिअर वेग अगदी कमी करून, टूल बदलणं टप्प्याटप्प्याने करायला लावतो. कॅमेरा जवळ धरून उंची पाहतो. मग एक ओळखीचा टूल घेऊन त्याची लांबी पुन्हा मोजली जाते आणि जुन्या आकड्याशी ताडली जाते. फरक 0.14 मिलिमीटर निघतो. तेवढा तो टूलच्या नोंदींमध्ये दुरुस्त केला जातो. 'शून्य पॉइंट एक चार', दोन्ही भाषांत, दोनदा.

पुण्यात जपानी शिकवणाऱ्या संस्था आणि शिक्षक पुष्कळ आहेत, आणि जेएलपीटी परीक्षेत एन5 ते एन1 अशा पाच पातळ्या असतात. पण या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते आणि 'गेन्तेन'सारखे कारखान्यातले शब्द तिथे क्वचितच भेटतात. उत्तम गुणांचं प्रमाणपत्र असलेली व्यक्ती पहिल्याच कॉलवर अडखळली तर तो तिचा दोष नसतो. तिला एक दिवस मशीनसमोर उभं करा, बॅटरीची डबी हातात द्या, मेंटेनन्सवाल्यांच्या तोंडचे शब्द ऐकू द्या. कारखान्यांनी एवढं केलं तर फायदा त्यांचाच आहे.

दुपारी पावणेएक. पहिला भाग कापून निघतो. कॉल संपण्याआधी इंजिनिअर पॅनलच्या दाराला एक कागद लावायची विनंती करतो, आणि दुभाषी त्याचं शेवटचं भाषांतर हळू आवाजात लिहून घ्यायला सांगते: 'अल्कलाईन सेल, 4 नग. वर्षातून एकदा. इमर्जन्सी दाबून, मेन चालू ठेवूनच बदलणे.' खाली आजची तारीख, आणि त्याखाली पुढच्या वर्षीची.